"मोबाईलच बदलायला हवा बहुतेक": उत्तर-शॉर्टची कल्पना आणि पूर्ण स्क्रिप्ट

दादा, उगवत्या चंद्राच्या शॉर्टखाली आलेली एक कमेंट दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. आधी ती जशीच्या तशी वाच:

"तुम्ही म्हणता मोठा चंद्र हा डोळ्यांचा भ्रम. काल उगवताना चंद्र परातीएवढा होता, घरातल्या सगळ्यांनी बघितला. पटकन फोटो काढला तर ठिपक्याएवढा आला. तीनदा काढला, तीनदा तेच. मोबाईलच बदलायला हवा बहुतेक. डोळे खरे आहेत, कॅमेराच खोटा आहे."

त्याखाली चार जणांनी हसायच्या इमोजी टाकल्यात आणि एकाने "विज्ञान शिका" म्हणून सुनावलंय. मला ही कमेंट आपल्या मूळ शॉर्टपेक्षा चांगली वाटते. आपण 40 सेकंद बोलून भ्रम असल्याचं सांगितलं. या बाईंनी भ्रम आहे की नाही ते तपासायचं साधन हातात घेतलं, एकदा नाही तर तीनदा वापरलं, उत्तरही बरोबर मिळवलं आणि मग दोष साधनाला दिला. प्रयोग त्यांचाच आहे, फक्त अर्धा राहिलाय.

म्हणून नव्या शॉर्टची दिशा अशी: त्यांना चूक ठरवायचं नाही. त्यांचा फोटो बरोबर आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं आणि राहिलेला अर्धा प्रयोग आपण करून दाखवायचा. पहिल्या शॉर्टमधलं एकही वाक्य, एकही चित्र पुन्हा नको. तो न बघता जो थेट इथे येईल, त्यालाही सगळं कळलं पाहिजे.

लांबी 50 सेकंदांच्या आत. मर्यादा तीन मिनिटांची असली तरी इथे दाखवायचं एकच आहे.

स्क्रिप्ट

*0 ते 4 सेकंद.* पडद्यावर आपण मोबाईलने काढलेला फोटो: संध्याकाळचं आकाश, खाली झाडांची काळी रेघ, मधे पांढरा ठिपका. कमेंटचं स्टिकर वरच्या तिसऱ्या भागात, ठिपका झाकायचा नाही.

मी (चेहरा न दाखवता): "मोबाईल बदलू नका. तुमचा फोटो बरोबर आलाय."

*4 ते 11.* गच्चीवर मी पाठमोरी, समोर उगवता चंद्र. मग मी मोबाईल वळवून पडदा दाखवते.

"मीही काढला. डोळ्यांना चंद्र एवढा मोठा, आणि फोटोत बघा. ठिपका."

*11 ते 19.* त्याच जागी, चार तासांनंतर. चंद्र वर चढलेला. मी मान वर करून बघते.

"आता तोच चंद्र चार तासांनी. वर आलाय, लहान वाटतोय. तोच मोबाईल, तेवढाच झूम, परत एक फोटो."

*19 ते 26.* काळ्या पार्श्वभूमीवर दोन्ही चंद्र कापून शेजारी. डावीकडे "उगवताना", उजवीकडे "चार तासांनी". दोन सेकंद पूर्ण शांतता, संगीतही नाही. मग उजवा चंद्र हळूच सरकून डाव्यावर बसतो.

"रुंदी सारखीच."

*26 ते 37.* पुन्हा उगवत्या चंद्राचा रुंद शॉट: झाडं, छपरं, लांब जाणारा रस्ता.

"डोळा चंद्र एकटा बघत नाही. झाडं, घरं, लांब गेलेला रस्ता, सगळं धरून मेंदू अंदाज बांधतो. मोबाईल अंदाज बांधत नाही. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो. उगवताना तेवढाच, माथ्यावर तेवढाच."

*37 ते 42.* लांब केलेला हात, करंगळी चंद्रासमोर.

"हात लांब करा. करंगळीच्या नखाआड आख्खा चंद्र जातो."

*42 ते 48.* माझा चेहरा, पहिल्यांदाच.

"तुम्ही तीन फोटो काढलेत. एकच राहिलाय, चार तासांनंतरचा. तो काढा, दोन्ही मोजा, आणि काय आलं ते इथेच लिहा."

इथेच कट. "लाईक करा" वगैरे काही नको, शेवटची विनंती एकच हवी. "फोटो दाखवा" असंही मी मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण कमेंटमध्ये फोटो टाकता येत नाही आणि लोक अडकतात. मोजलेलं मात्र लिहिता येतं.

शूटिंगबद्दल

हे नीट वाच, कारण दोन चंद्र शेजारी ठेवण्याच्या सात सेकंदांवर सगळं उभं आहे. तिथे फोटो चुकले तर आपणच भ्रम खरा ठरवून बसू.

मुख्य लेन्सने काढलेल्या 4000 पिक्सेल रुंदीच्या आडव्या फोटोत चंद्र तीसेक पिक्सेलचा येतो. म्हणजे एका फोटोच्या रुंदीत शंभराहून जास्त चंद्र ओळीने बसतील. सुरुवातीच्या ठिपक्यासाठी हे उत्तमच, पण कापून मोठं करायला गेलास तर नुसते चौकोन दिसतील. म्हणून तुलनेचे दोन्ही फोटो 5x लेन्सने काढ, तिथे दीडशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. एक सांभाळ: उजेड कमी असला की बरेच फोन 5x निवडलं तरी गुपचूप मुख्य लेन्सच वापरतात आणि फोटो कापून मोठा करून देतात. लेन्ससमोर बोट धरून बघ, कुठली लेन्स चालू आहे ते लगेच कळेल. प्रो मोडमध्येच काढ, नाईट मोड बंद.

दुसरं म्हणजे उजेड. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड. मोबाईल मात्र आजूबाजूचा अंधार बघून फोटो उजळवतो, मग चंद्र जळून पांढरा होतो आणि कडेचा उजेड पसरून खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. उगवता चंद्र मंद आणि वरचा झगझगीत असतो, त्यामुळे एकाच सेटिंगवर काढलेस तर वरचाच मोठा यायचा. आयएसओ 50 आणि शटर 1/500 पासून सुरुवात कर, आणि चंद्रावरचे काळे डाग स्पष्ट दिसेपर्यंत शटर बदलत जा. दोन्ही फोटोंत डाग दिसले की कडा विश्वासाच्या.

तिसरं, अगदी क्षितिजाला टेकलेला चंद्र घ्यायचा नाही. तिथे वातावरणातून येताना प्रकाश वाकतो आणि खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, त्यामुळे चंद्र चपटा दिसतो. दिसायला सुंदर, पण आपल्या तुलनेत उंची जुळणार नाही आणि लोक तेवढंच धरून बसतील. हात लांब करून मधली तीन बोटं आडवी धर. क्षितिजापासून तेवढा, म्हणजे साधारण पाच अंश, वर आला की काढ. डोळ्यांना तेव्हाही तो मोठाच वाटतो.

मोजताना उगवता चंद्र एक-दोन पिक्सेल लहान भरला तर घाबरू नकोस, फोटो चुकलेला नाही. चंद्र क्षितिजाजवळ असताना आपण त्याच्यापासून थोडे लांब असतो. पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर आणि चंद्राचं सरासरी अंतर 3,84,400 किलोमीटर; ऐन माथ्यावर आलेला चंद्र जवळपास एका त्रिज्येने जवळ येतो. म्हणजे डोळ्यांना जेव्हा सगळ्यात मोठा वाटतो, तेव्हाच तो खरं तर किंचित लहान असतो! हे मला व्हिडिओत घालायचा फार मोह होता. पण पडद्यावर हा फरक दिसत नाही आणि जे दिसत नाही ते दाखवल्याचा आव या शॉर्टमध्ये नको. पिन कमेंटमध्ये घेतलंय.

तशीच आणखी एक गोष्ट काढून टाकली. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने उगवता चंद्र मोठा वाटण्याचं कारण वातावरणात न शोधता आपण अंतराचा अंदाज कसा करतो यात शोधलं होतं. हजार वर्षं चाललेला प्रश्न आहे आणि मेंदू नेमकं काय करतो यावर आजही एकमत नाही. म्हणूनच स्क्रिप्टमध्ये "अंदाज बांधतो" एवढंच ठेवलंय, "कारण हेच" असं म्हटलेलं नाही. हे वाक्य एडिटमध्ये लहान करायला गेलास तरी तेवढं जप.

स्टिकर

कमेंट पूर्ण टाकली तर मुंगीएवढ्या अक्षरांत कुणी वाचणार नाही. अ‍ॅपमधलं स्टिकर पहिल्या चार सेकंदांपुरतं, आणि सोबत आपल्या अक्षरांत एकच ओळ: "मोबाईलच बदलायला हवा बहुतेक". स्टिकरवर त्यांचं नाव येतं, म्हणून आधी त्यांच्या कमेंटखाली मी हे लिहिणार आहे:

"ताई, तुम्ही तीनदा फोटो काढून बघितलात हे मला मनापासून आवडलं. तुमच्या या कमेंटवर एक छोटा व्हिडिओ करायचा आहे. त्यात तुमचं नाव दिसेल आणि तुमचा फोटो बरोबर होता हेच आम्ही दाखवणार आहोत. चालेल ना? नाव नको असेल तर तसं सांगा, नुसतं वाक्य घेऊ."

हो आलं तरच स्टिकर. नाही म्हणाल्या किंवा उत्तरच आलं नाही, तर नुसती आपली ओळ. आणि ज्यांनी हसून घेतलंय त्यांचा उल्लेख कुठेही नको, कॅप्शनमध्येसुद्धा.

कॅप्शन

चंद्र मोठा, फोटो छोटा. खोटं कोण बोलतंय?

पिन कमेंट

"घरी करून बघायचं असेल तर: दोन्ही फोटो एकाच झूमवर, उजेड इतका कमी की चंद्रावरचे डाग दिसले पाहिजेत, आणि मोजायची ती आडवी रुंदी. क्षितिजाला टेकलेला चंद्र हवेमुळे वरून-खालून दबलेला दिसतो, पण रुंद होत नाही. नीट मोजलंत तर उगवता चंद्र किंचित लहानच भरेल, कारण तेव्हा आपण त्याच्यापासून काही हजार किलोमीटर जास्त लांब असतो. तुमचे आकडे खाली लिहा. वेगळे आले तरी लिहा, कुठे फरक पडला ते मिळून शोधू."

"मग इमारतीमागे प्रचंड चंद्र दिसणारे फोटो खोटे का?" हा प्रश्न येणार म्हणजे येणारच. त्याचं उत्तर पिनमध्ये देऊ नकोस. खूप लांब जाऊन मोठ्या झूमने काढलं की इमारत लहान होते आणि चंद्र आहे तेवढाच राहतो, हे चालत चालत दाखवायला मजा येईल. कुणीतरी विचारू दे, तिसरा शॉर्ट त्याच कमेंटवर करू.

पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तेव्हा आकाशात थोडा उजेड असतो आणि झाडंही दिसतात, म्हणून पहिला प्रयत्न त्याच दिवशी. ढग आले तर दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी चंद्र साधारण पाऊण-एक तास उशिरा येईल, झाडांची रेघ काळोखात जाईल, तर रुंद शॉट तेवढा आदल्या संध्याकाळी घेऊन ठेव. ट्रायपॉडच्या पायांखाली गच्चीवर खडूने खुणा कर, चार तासांनी पुन्हा तिथेच उभं राहायचंय.