वार्षिक अहवाल २०२४-२५ : देणगीदारांसाठी बदललेला परिच्छेद

जुना मजकूर : ‘इंदूरच्या सांस्कृतिक नभांगणात ध्रुवताऱ्यासारख्या तळपणाऱ्या आपल्या वाचनालयाने यंदा अभूतपूर्व यश मिळवून हजारो वाचकांचे जीवन उजळून टाकले.’

नवा मजकूर :

या वर्षी १४३ देणगीदारांकडून २,८६,५०० रुपये मिळाले. त्यातून पुस्तकांवर १,१२,४००, जुन्या पुस्तकांच्या बांधणीवर ३८,६०० आणि ग्रंथपालांच्या मानधनावर ९६,००० रुपये खर्च झाले. उरलेले ३९,५०० रुपये छताच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवले आहेत. ही रक्कम दुरुस्तीला पुरणार नाही.

वर्षाच्या सुरुवातीला ४१२ सभासद होते. ३१ नवे आले, ४६ जणांनी सभासदत्व चालू ठेवले नाही. आता ३९७ आहेत. गेल्या अहवालातली ‘हजारो वाचक’ ही संख्या नोंदवहीतल्या सह्यांवरून काढली होती. रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एकाच माणसाच्या वर्षभरात तीनशे सह्या होतात, म्हणून ती पद्धत आम्ही सोडली आहे.

मुलांचे रविवारचे वाचनवर्ग ४० ठरले होते, २६ झाले. पावसाळ्यात सभागृह गळत असल्याने ते बंद ठेवावे लागले. सरासरी ११ मुले येत. त्यांच्या वाचनात किती फरक पडला हे आम्ही मोजलेले नाही.

अध्यक्षकाका, ध्रुवतारा मी काढला, रागावू नका. तो मध्यम तेजाचा असतो, तळपत नाही. सभासद घटल्याचे वाक्य मात्र कृपया खोडू नका. हिशेबतपासनीसांच्या पत्रकात ते येणारच आहे, आणि देणगीदारांना ते आपल्याकडून आधी कळलेले बरे.