ओ.टी. टिपणं: सुरक्षा चेकलिस्ट आणि मॉप-औजारांची मोजणी
(जी.एन.एम. विद्यार्थी, उपजिल्हा रुग्णालय पोस्टिंग, मेळघाट)

जागतिक आरोग्य संघटनेने ही चेकलिस्ट २००८ मध्ये आणली. एका पानावर १९ बाबी आणि तीन थांबे: भूल देण्याआधी साइन इन, चिरा देण्याआधी टाइम आउट, रुग्ण ओ.टी.बाहेर नेण्याआधी साइन आउट. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचं एक होतं. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. केस आटोपल्यावर चहा पिता पिता एकदम सगळ्या खुणा करून टाकल्या तर त्या कागदाचा काही उपयोग नाही. मोठ्याने विचारा, उत्तर ऐका, मगच खूण करा.

साइन इन

"तुम्ही सुनीताबाई ना?" असं विचारू नका. घाबरलेली बाई कशालाही "हाव" म्हणते. "नाव सांगा बाई तुमचं. नवऱ्याचं नाव? गाव कोणतं? कशाचं ऑपरेशन आहे?" असं विचारा आणि ते केसपेपर, हातावरचा पट्टा व संमतीपत्राशी ताडून पाहा. कोरकू बोलणारी असेल तर सोबत आलेल्या आशाताईंना दारापर्यंत बोलवा. कुटुंब नियोजनाच्या कॅम्पला एकाच यादीत दोन सुनीता कास्देकर सहज निघतात. अशा वेळी गाव आणि नोंदणी क्रमांकच कामी येतो. कॅम्पमध्येही प्रत्येक बाईचा कागद वेगळा.

पुढे अ‍ॅलर्जी, पल्स ऑक्सिमीटर लावून चालू आहे का, श्वासमार्ग अवघड वाटतो का, ५०० मि.लि.पेक्षा जास्त रक्त जाण्याची शक्यता आहे का (मुलांत किलोमागे ७ मि.लि.). शक्यता असेल तर रक्ताची सोय आधी विचारा. छापील यादीत नसलेल्या दोन गोष्टी आपण इथे जोडतो. पहिली सिकलसेलचा रिपोर्ट, कारण विदर्भात हा आजार भरपूर आहे आणि थंडी, पाणी कमी पडणं, ऑक्सिजन कमी होणं या रुग्णांना सोसत नाही. दुसरी, लाइट गेली तर जनरेटर लगेच चालू होतो का.

टाइम आउट

सगळे हात थांबतात. प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. रुग्ण, ऑपरेशन, जागा पुन्हा मोठ्याने. अँटिबायोटिक मागच्या ६० मिनिटांत दिलं का? सर घाईत असले तरी "सर, टाइम आउट बाकी आहे" हे तुम्हीही म्हणू शकता. विद्यार्थी आहात म्हणून गप्प राहू नका.

मोजणी

स्क्रब सिस्टर आणि सर्क्युलेटिंग सिस्टर, दोघींनी एकत्र, एकेक वस्तू सुटी करून, बघत आणि मोठ्याने मोजायची. गठ्ठ्यावरचा आकडा खरा धरू नका. पाचाच्या बंडलात चार किंवा सहा मॉप निघाले तर ते अख्खं बंडल बाजूला काढून, रुग्ण आत येण्याआधीच ओ.टी.बाहेर द्या. मध्येच कुणी हाक मारली आणि आकडा चुकला तर ती वस्तू पहिल्यापासून मोजा.

सिझेरियनच्या बोर्डाचा नमुना:

मॉप ५ + ५ = १०
गॉझ १०
सुया २ + १ = ३
ग्रीन आर्मिटेज ४, आर्टरी ८, अ‍ॅलिस ४
पोटात: मॉप २

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. सरांनी पोटात बाजूला मॉप ठेवला की स्क्रब सिस्टरने "मॉप आत, एक" म्हणायचं, बाहेर काढला की "मॉप बाहेर". मॉपच्या नाडीला आर्टरी लावून ती बाहेर लटकती ठेवा. वाढीव सामान मोजूनच द्यायचं आणि लगेच लिहायचं.

मोजणी कधी: चिरा देण्याआधी, गर्भाशय शिवण्याआधी, पोट बंद करण्याआधी, त्वचा शिवताना. शिवाय सिस्टर बदलली की. स्पायनलमध्ये बाई जागी असते, म्हणून "सामान मोजतोय, घाबरू नका" हे आधीच सांगून ठेवा. आवाज मात्र कमी करू नका.

आत फक्त एक्स-रेत दिसणारा धागा असलेला गॉझ जातो. तो कापू नका. ड्रेसिंगचा साधा गॉझ शेवटची मोजणी जुळल्यावरच उघडा. तोवर कचऱ्याची पिशवी आणि मळके कपडे बाहेर जात नाहीत; मावशींना केस सुरू होतानाच सांगा.

आकडा जुळला नाही तर

"सर, एक मॉप कमी आहे." लगेच, स्पष्ट. शिवणं थांबतं. दोघी पुन्हा मोजतात, सर्जन जखमेत शोधतात, बाकीचे बादली, ड्रेप, टेबलाखाली, चपलांखाली. अनेकदा दोन ओले मॉप एकमेकांना चिकटलेले निघतात. तरीही सापडला नाही आणि रुग्णाची तब्येत साथ देत असेल तर टेबलावरून हलवण्याआधी एक्स-रे. रात्री टेक्निशियन क्वार्टरवर असतो, त्याला बोलवा. शोधलं कुठे, एक्स-रेत काय दिसलं, कुणाला किती वाजता सांगितलं, हे सगळं रजिस्टरमध्ये लिहून दोघींनी सही करायची. "काउंट बरोबर" असं आधीच लिहून ठेवलेलं पान दिसलं तर सही करू नका, मला दाखवा.