विषय: सायबर लायबिलिटी प्रपोजल – नाशिकची पॅथॉलॉजी लॅब, १४ कलेक्शन सेंटर, लिमिट १० कोटी – अपुरी माहिती

नमस्कार मॅडम,

सोमवारी पाठवलेला प्रपोजल फॉर्म आणि नेटवर्क आकृती मिळाली. जोखीम आम्हाला घ्यायची आहे, पण खालच्या मुद्द्यांशिवाय कोट काढता येणार नाही.

सर्वांत आधी बॅकअप. फॉर्ममध्ये 'रोज, पूर्ण' असं लिहिलंय. आकृतीत मात्र बॅकअपचा एनएएस मुख्य सर्व्हरच्याच डोमेनवर दिसतो. ॲडमिनचा पासवर्ड एकदा हाती लागला की रॅन्समवेअरवाले आधी बॅकअप पुसतात, मग डेटा लॉक करतात. म्हणजे रोजचा बॅकअप असूनही परत आणायला काहीच उरत नाही. नेटवर्कपासून तोडलेली किंवा बदलता न येणारी एक तरी प्रत आहे का? शेवटचं रिस्टोअर करून कधी पाहिलं, कुठला सर्व्हर, किती तास लागले? चाचणीचा लॉग जोडा. तोंडी 'हो' चालणार नाही.

एमएफएच्या प्रश्नापुढे नुसती 'हो'ची खूण आहे. ईमेल, व्हीपीएन, ॲडमिन खाती आणि लॅब सॉफ्टवेअरच्या व्हेंडरचा रिमोट ॲक्सेस, या चारही ठिकाणी आहे का, ते वेगवेगळं लिहून हवं. व्हेंडरचा ॲक्सेस बहुधा सुटतो, म्हणून त्याचं उत्तर त्यांच्याकडूनच घ्या. त्यांच्या करारातलं नुकसानभरपाईचं कलमही पाठवा.

'सर्व सिस्टिम अपडेटेड' हे उत्तर यादीशी जुळत नाही. यादीत दोन मशिन विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर आहेत; त्याचा एक्स्टेंडेड सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला. ती कधी बदलणार, की तोवर वेगळ्या नेटवर्कवर ठेवली आहेत?

रुग्णांच्या रेकॉर्डची संख्या कोरी आहे. अहवाल किती वर्षं ठेवतात आणि त्यात आधार क्रमांक असतो का, तेही कळवा. डीपीडीपी कायदा, २०२३ नुसार सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे लिमिट पुरेशी आहे का हे आपणही ग्राहकाशी बोलून घ्यावं. सर्ट-इनला ६ तासांत घटना कळवायची जबाबदारी नेमकी कोणावर आहे आणि लॉग १८० दिवस ठेवतात का, हे त्यासोबतच लिहा.

बिझनेस इंटरप्शनसाठी गेल्या १२ महिन्यांचा महिनावार ग्रॉस प्रॉफिट लागेल. वेटिंग पीरियड १२ तास धरलाय. ८ हवा असेल तर आधी सांगा, प्रीमियम बदलेल.

'मागील घटना: नाही' असं आहे, पण सध्याच्या विमा कंपनीचं क्लेमचं पत्र जोडलेलं नाही. तीन वर्षांचं पत्र आणि चालू पॉलिसीची प्रत द्या, म्हणजे रेट्रोॲक्टिव्ह डेट तीच ठेवता येते का ते बघता येईल.

फॉर्मवर सही आयटी व्हेंडरची आहे. ती चालणार नाही. डायरेक्टरची सही आणि तारीख असलेला फॉर्म नव्याने लागेल. क्लेमच्या वेळी याच उत्तरांवर बोट ठेवलं जातं आणि चुकीचं उत्तर ग्राहकालाच महागात पडतं.

चालू पॉलिसी २८ तारखेला मध्यरात्री संपते. उत्तरं २१ पर्यंत आली तर २४ ला कोट देतो. बॅकअप आणि एमएफएची उत्तरं आधी आली तरी पाठवून द्या, तेवढ्यावर काम सुरू करतो. मुदतीआधी प्रीमियम जमा झाल्याशिवाय कव्हर सुरू होणार नाही, हे ग्राहकाला आत्ताच सांगून ठेवा.

आपला,
सीनियर अंडररायटर, लायबिलिटी विभाग
पुणे