दिवाळी आपल्या दारात, सामान आपल्या घरात

स्लाइड १
वडाखालच्या आपल्या किराणा दुकानाकडून सगळ्या गल्लीला दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!
यंदा वसुबारस शुक्रवारी, १७ ऑक्टोबर २०२५ ला आहे. फराळाची यादी आजच काढा. सामान आम्ही घरपोच आणून देतो.
(ऑफर पाहायला पुढे सरकवा 👉)

स्लाइड २
वर्षभर तुम्ही आमच्याकडे येता. कुणी दुधाची पिशवी घेतं, कुणी "आई, जिरं संपलंय का गं?" असं घरी फोनवर विचारत काउंटरवर उभं असतं. कुणाच्या घरी किती साखर लागते आणि कुणाला कुठला चहा चालत नाही, हे आम्हाला पाठ झालंय. हा सण आम्ही तुमच्यासोबतच साजरा करतो. म्हणून यंदाच्या ऑफर ठरवताना तुमच्या दिवाळीच्या जुन्या याद्या समोर ठेवल्या, आणि ज्या वस्तू जवळजवळ प्रत्येक यादीत असतात त्यांवरच सूट दिली.

स्लाइड ३
🪔 फराळ संच, ₹६८०
बेसन १ किलो (लाडवासाठी जाडसर दळलेलं)
चकलीची भाजणी १ किलो
चिवड्याचे पातळ पोहे १ किलो
साखर २ किलो
बारीक रवा अर्धा किलो
मैदा अर्धा किलो
पिठीसाखर अर्धा किलो
शेंगदाणे अर्धा किलो
डाळं पाव किलो
सुकं खोबरं पाव किलो

हेच सामान सुटं घेतलंत तर ₹७५५ होतात.
घरात दोघंच आहात? निम्मा संच ₹३५० ला मिळेल.
संचातली एखादी वस्तू नको असेल तर सांगा, तिच्या जागी त्याच किमतीचं दुसरं काही देऊ.

स्लाइड ४
भाजणीबद्दल थोडं सविस्तर
ही भाजणी आमच्या घरची आहे. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, वर धने आणि जिरे, असं प्रमाण. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत सुकवतो. मग प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजतो. उडीद डाळ जरा जास्त भाजली गेली की चकलीचा रंग काळपट येतो, म्हणून आई तिच्यापाशी स्वतः उभी राहते. भाजणीच्या दिवशी गिरणीत आधी तांदूळ दळून घेतो, म्हणजे दुसऱ्या पिठाचा वास लागत नाही.
चकली करताना पाणी उकळून त्यात तेलाचं मोहन घाला, भाजणी घालून झाकून ठेवा आणि कोमट असतानाच मळा. सोऱ्यातून पडताना तुकडे होत असतील तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळून घ्या.

स्लाइड ५
अनारशाचं पीठ, अर्धा किलो ₹१५०
याची ऑर्डर शुक्रवार, १० ऑक्टोबरपर्यंतच. तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलावं लागतं, आणि गूळ घालून मळलेलं पीठ मुरायलाही काही दिवस हवेत. घाई केली तर अनारसा तुपात विरघळतो. म्हणून उशिरा आलेली ऑर्डर आम्ही घेणार नाही, राग मानू नका.

स्लाइड ६
तूप स्वस्त झालंय!
२२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. आमच्याकडचा ₹६८० चा १ लिटरचा डबा आता ₹६३८ ला आहे. दोन डबे एकदम घेतलेत तर ₹१,२५०.
बदाम-पिस्त्यांवरचा करही १२ चा ५ टक्के झाला, आणि साबण, केसांचं तेल, शाम्पू यांवरचा १८ चा ५. नव्या किमती दुकानातल्या फळ्यावर लिहिल्या आहेत. पाकिटावर जुनी किंमत छापलेली असली तरी बिल नव्या दराने होईल.
सुकं खोबरं मात्र यंदा बाजारातच खूप चढलंय. सुटं घेताना त्यावर सूट देणं आम्हाला जमलेलं नाही.

स्लाइड ७
✨ पहिल्या आंघोळीचा संच, ₹१९९
उटणं १०० ग्रॅम, सुवासिक तेलाची बाटली, चंदनाचा साबण, मातीच्या साध्या पणत्या १२, वातींचं पाकीट.
अभ्यंगस्नान सोमवारी, २० ऑक्टोबरला आहे, तेव्हा संच शनिवारपर्यंत घरात आलेला बरा. पणत्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला आणि सकाळी वाळवा, मग तेल कमी पितात.
लक्ष्मीपूजनाच्या लाह्या, बत्तासे, केरसुणी आणि धनत्रयोदशीचे धने-गूळ दुकानात आहेतच.

स्लाइड ८
📲 ऑर्डर कशी द्यायची?
१. याच पानावरचं "मेसेज" बटण दाबा आणि "दिवाळी" एवढा शब्द पाठवा.
२. मग यादी पाठवा. कागदावर लिहिलेल्या यादीचा फोटो चालेल, बोलून पाठवलेली चालेल.
३. नाव, इमारत, मजला आणि सामान कधी हवं ते लिहा.
४. आम्ही एकूण रक्कम कळवू. तुम्ही "हो" म्हटलंत की सामान भरायला घेतो.
५. पैसे सामान हातात आल्यावर द्या, रोख किंवा यूपीआय.

टाइप करायचा कंटाळा येतो? "कॉल" बटण दाबा, सकाळी ८ ते रात्री ९.

स्लाइड ९
🛵 घरपोच
गणपतीच्या देवळापासून जुन्या पाण्याच्या टाकीपर्यंत.
सकाळी ११ च्या आत ऑर्डर दिलीत तर त्याच संध्याकाळी ५ ते ८ मध्ये सामान घरी. ११ नंतरची दुसऱ्या दिवशी.
₹५०० च्या वर घरपोच मोफत, त्याखाली ₹२०.
लिफ्ट नसली तरी सामान वरपर्यंत येईल, जिन्याखाली ठेवून जाणार नाही. आजी-आजोबा एकटेच असतील तर डबे कट्ट्यावर काढून ठेवायलाही आमचा मुलगा मदत करेल. तेवढं मेसेजमध्ये लिहा.

स्लाइड १०
तारखा लक्षात ठेवा
अनारशाचं पीठ: १० ऑक्टोबरपर्यंत
फराळ संच: १६ ऑक्टोबरपर्यंत, किंवा भाजणी संपेपर्यंत
घरपोच शेवटची ऑर्डर: रविवार, १९ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन, मंगळवार २१ ऑक्टोबर: दुकान दुपारी ४ पर्यंत
पाडवा, २२ ऑक्टोबर: सकाळी वहीपूजन, त्यानंतर ११ पर्यंत दुकान उघडं. पेढे खायला नक्की या.
भाऊबीज, २३ ऑक्टोबर: दुकान बंद. आम्हालाही बहिणीकडे जायचंय!

पोस्टखालचा मजकूर
दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुकानात उभं राहायला जागा नसते, आणि लहान मुलं घेऊन आलेल्यांचे फार हाल होतात. म्हणून यंदा घरपोचवर जास्त भर दिलाय. यादी या आठवड्यात पाठवलीत तर सामान निवांतपणे, नीट पाहून भरता येईल. शेजारी नवीन राहायला आलेलं कुणी असेल तर त्यांनाही ही पोस्ट पाठवा, त्यांना दुकान अजून सापडलेलं नसेल.
ऑर्डरसाठी "मेसेज" बटण दाबा आणि "दिवाळी" लिहा. 🪔