रिकामा मेल

जूनमध्ये मॅडमनी ठरवलं की मुदत संपल्याची नोटीस मराठीतच जायला हवी. आमचं तालुक्याचं वाचनालय, निम्मे वाचक साठीच्या पुढचे, त्यांना इंग्रजी मेल कशाला? मग वाचनालयाच्या कोहा सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी स्वतः सगळा मजकूर टाईप केला, रात्री आठ वाजेपर्यंत.

तेव्हापासून मेल रोज रात्री आपोआप जात होते. स्टेटसला 'sent' दिसायचं, त्यामुळे कोणाला काही शंकाच आली नाही. पुस्तकं उशिरा यायला लागली तर आम्ही म्हटलं पाऊस आहे, मग गणपती आले, मग दिवाळी. काउंटरवर एक-दोघं म्हणाले पण होते की अहो मेलमध्ये काही नाहीये, आणि मी त्यांना 'सोडून द्या' म्हटलं. ते मला आजही टोचतं.

नोव्हेंबरमध्ये एका बिलासाठी मॅडमनी वाचनालयाचा मेल उघडला, जो एरवी कोणी बघतच नाही. त्यात वाचकांची उत्तरं पडलेली. एका आजोबांचीच चार होती. पहिलं, 'मेल मिळाला, मजकूर दिसला नाही. माझ्याकडे तीन पुस्तकं आहेत, कुठलं परत करू?' पुढची दोन तशीच. चौथं, 'मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मेल रिकामा आहे की मलाच दिसत नाहीये?'

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आजोबांचं खातं उघडून नोटिसांचा टॅब बघितला. वर 'नमस्कार', खाली वाचनालयाचं नाव, मधे काहीच नाही. टेम्प्लेट उघडलं तर ही ओळ होती

```
[% FOREACH overdue IN overdue %]
```

ओळीच्या शेवटी overdues हवं होतं. एक s राहिला होता, एवढंच. नाव चुकलं की तिथे एरर येत नाही, त्या नावाची यादीच सापडत नाही म्हणून पुस्तकाचं नाव, तारीख, सगळं गुपचूप गाळलं जातं आणि उरलेला मेल निघून जातो.

त्यांनी s टाकला, पण तेवढ्यावर सोडलं नाही. स्वतःच्या कार्डावर एक पुस्तक मागची तारीख टाकून घेतलं आणि रात्रीच्या मेलची वाट बघितली. सकाळी आल्या त्या फोन पुढे धरूनच, त्यात पुस्तकाचं नाव होतं, तारीख पण होती.

त्या पाच महिन्यांचा दंड कोणाकडूनच घ्यायचा नाही असं कमिटीला सांगून टाकलं त्यांनी, विचारलं नाही. मग उत्तरं पाठवणाऱ्यांची यादी काढून एकेकाला फोन लावायला बसल्या. पहिला फोन आजोबांना.

"आजोबा, वाचनालयातून बोलतेय. तुमचे डोळे ठीक आहेत हो. मेलच रिकामा होता, चूक माझी होती."