रविवारच्या अंजनेरीबद्दल

अगं, रविवारी सकाळी सहाला अंजनेरीला निघायचं आपलं ठरलंय. उतरल्यावर त्र्यंबक रोडला मिसळ!

एक सांगू? तुझ्या शिफ्ट आणि घरचं सांभाळताना ऐनवेळी काही ना काही निघतं, हे मला कळतं. पण पिल्लूला आईकडे ठेवायचं मला आधी ठरवावं लागतं. शिवाय तुझ्यासोबतच्या दिवसाची मी आठवडाभर वाट बघते, त्यामुळे आदल्या रात्री बेत बदलला की मन खट्टू होतं. शुक्रवारी रात्रीपर्यंत हो की नाही, एवढं कळवशील? नाही म्हणालीस तरी चालेल, खरंच. चढायचा कंटाळा असेल तर तेही सांग, सोमेश्वरला जाऊ, धबधब्यापाशी निवांत बसू. मला तू भेटायला हवीस.