टिपण ९ : जॉन माल्कम, 'अ मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया', खंड १ (लंडन, १८२३), होळकर घराण्याचे प्रकरण

प्रबंध : 'दौलत आणि खासगी : अहिल्याबाईंच्या काळातला होळकरांचा खजिना', इंदूर. उपयोग : प्रकरण ३.

अहिल्याबाईंवर लिहिणारा प्रत्येकजण या प्रकरणापाशी येतोच. पहाटेआधी उठणे, दुपारी दोनपासून सहापर्यंत दरबार, मग पूजा आणि साधे जेवण, पुन्हा रात्री नऊ ते अकरा कामकाज, हा दिनक्रम इथूनच पुढच्या चरित्रांत गेला. मी तो आधार म्हणून घेत नाही, आणि का घेत नाही ते इथे नोंदवून ठेवते.

माल्कमने माहिती गोळा केली ती १८१८ नंतर. अहिल्याबाई १७९५ मध्ये गेल्या. म्हणजे त्याला भेटलेली माणसे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे आठवून सांगत होती. त्याने सर्व थरांतल्या लोकांकडे चौकशी केली आणि जितकी केली तितका आदर वाढला, असे तो लिहितो. पण विचारणारा कोण होता? २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव करणाऱ्या फौजेतला हा सेनानी. पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला, तोही त्याच्याच हातून. जहागीर राहील की जाईल याची धास्ती असलेला माणूस अशा साहेबापुढे घराण्यातली भांडणे उकरून काढील, असे मला वाटत नाही. काही आठवणींना सांगणाऱ्याचा पत्ता लागतो, पुष्कळांना नाही. आणि प्रश्न काय विचारले ते कुठेच कळत नाही. एकमुखी स्तुतीला तो पुरावा समजतो, मला ती चौकशीच्या पद्धतीची खूण वाटते.

दोन ठिकाणी हे पडताळून पाहता येते. मृत्युसमयी बाईंचे वय तो साठ देतो. जन्मसाल १७२५ धरले तर ते सत्तर होते. साधी गोष्ट, पण बोलीवरच्या आठवणीत दहा वर्षे कशी गळून पडतात ते यात दिसते.

दुसरे ठिकाण माझ्या प्रकरणाच्या मुळाशीच आहे. अहिल्याबाई आणि होळकरांच्या फौजेचे प्रमुख तुकोजी यांच्यात वाटली गेलेली सत्ता तीस वर्षांहून अधिक काळ मत्सर किंवा महत्त्वाकांक्षेने ढळली नाही, असे माल्कम म्हणतो. कारभार बाईंच्या हाती आला त्या १७६७ पासून मोजले तरी बाईंच्या निधनापर्यंत तीस वर्षे भरत नाहीत. शिवाय पारसनिसांनी छापलेली महेश्वर दरबारची बातमीपत्रे वाचली की मोहिमेवरच्या तुकोजींची पैशाची मागणी आणि महेश्वरचा हात आखडता, ही कुरबूर पुन्हा पुन्हा भेटते. बातमीपत्रेही निर्मळ नव्हेत. ती पुण्याच्या वकिलाची आहेत, आणि होळकरांच्या घरात फट कुठे आहे हे पुण्याला कळवणे हेच त्याचे काम. तरी ती त्या त्या वेळी लिहिलेली आहेत आणि त्यांतला वाद पैशाचा आहे. खजिन्याच्या प्रश्नावर मी त्यांनाच वजन देईन.

माल्कम खोटे लिहितो असा माझा आरोप नाही. बाईंविषयीचा त्याचा आदर खरा आहे आणि वाचताना तो जाणवतो. मुक्ताबाई सती गेल्या तेव्हा धरून ठेवलेले हात सुटेनात म्हणून आईने ते चावले, हे त्याचे वर्णन वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले होते. पण तोही तिथे नव्हता. शिवाय बाईंचा काळ जितका उजळ तितका त्यानंतरचा यशवंतरावांचा काळ काळा, आणि तितकाच इंग्रजांचा अंमल गरजेचा, अशी या पुस्तकाची मांडणी आहे. बाईंची स्तुती या मांडणीत फार सोयीने बसते.

एक सावधगिरी स्वतःसाठी. आपली स्तुती करणारे पुस्तक बाईंनी नर्मदेत टाकायला लावले, ही गोष्ट मी आजीकडून ऐकली होती आणि माल्कममध्ये ती सापडल्यावर दोन साक्षी मिळाल्याचा आनंद झाला होता. त्या दोन नाहीत. छापलेली गोष्ट चरित्रांतून, शाळेतल्या धड्यांतून आणि जयंतीच्या भाषणांतून आजीपर्यंत आली असण्याचीच शक्यता जास्त. इंदुरात घेतलेल्या मुलाखती माल्कमला दुजोरा म्हणून वापरायच्या नाहीत.

खर्च, वसुली, देवस्थानांच्या नेमणुका यांसाठी हे प्रकरण जवळजवळ निरुपयोगी आहे. तिथे ठाकुरांनी संपादित केलेली होळकरशाहीची साधने आणि मोडी कागदच पाहायचे. १८२० च्या सुमारास माळव्यातली माणसे अहिल्याबाईंना कशी आठवत होती, किंवा जिंकणाऱ्या साहेबाला त्यांनी काय आठवून सांगितले, यासाठी मात्र याच्या तोडीचे साधन मला मिळालेले नाही. म्हणून प्रकरण ३ मधून काढून हे पुस्तक प्रकरण ६, 'स्मृती', मध्ये घेते आहे. तिसऱ्या प्रकरणात सलोख्याच्या त्या वाक्याचा उल्लेख एकदाच येईल, बातमीपत्रांसमोर ठेवून.